अचानक दोन दोन दिसू लागले : दोष एका डोळ्यात, की दोन्ही डोळ्यांच्या जुळणीत?

येलदरीकर | सोमवार, रात्री ८.४०

नमस्कार. माझे वडील ६३ वर्षांचे असून जिंतूर तालुक्यातील आमच्या गावी राहतात. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. शनिवारी पहाटे ते गोठ्यात गेले, तेव्हा एकच म्हैस त्यांना शेजारी शेजारी दोन ठिकाणी उभी दिसली. आधी त्यांना झोपेचा अंमल वाटला. पण उजाडल्यावर रस्त्यावरचा विजेचा खांबही दोन दिसू लागला आणि तेव्हापासून तसेच चालू आहे. उजव्या डोळ्यामागे थोडे दुखते, बाकी त्रास नाही. काल तालुक्याला एका शिबिरात दाखवले. तिथे बॅटरीच्या उजेडात पाहून सांगण्यात आले की डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशन केले की दोन दिसणे थांबेल. ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे.

मी छत्रपती संभाजीनगरला असते, शेतातली कामे सोडून अण्णा इकडे यायला तयार नाहीत. तीन आठवडे थांबणे योग्य आहे का?

बालाघाट | सोमवार, रात्री ९.०५

ताई, काळजी करू नका. माझ्या आईलाही असेच दोन दोन दिसत होते आणि मोतीबिंदू काढल्यावर ते पूर्ण बंद झाले. मोतीबिंदूने दोन दिसते, हे मी स्वतः पाहिले आहे. तारखेपर्यंत थांबायला हरकत नसावी.

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९.५०

मी लातूरला २६ वर्षे नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करतो. बालाघाट यांचे म्हणणे त्यांच्या आईपुरते बरोबर असणार. मोतीबिंदूने दोन दिसू शकते. परंतु मोतीबिंदू महिनोन्महिने वाढतो. शुक्रवारी रात्री एक दिसणारी म्हैस शनिवारी पहाटे दोन दिसावी, असे त्याच्याने सहसा होत नाही. म्हणून आधी एक साधी गोष्ट तपासावी लागेल, आणि ती घरी करता येते.

अण्णांना त्यांचा दूरचा चष्मा घालून बसवा. पंधरा-वीस फुटांवरचा एखादा उभा खांब किंवा दाराची चौकट पाहायला सांगा. मग तळहाताची ओंजळ करून एक डोळा पूर्ण झाका. डोळा दाबू नका आणि बोटांच्या फटीतून दिसू देऊ नका. उघड्या डोळ्याने खांब किती दिसतात ते विचारा. नंतर दुसरा डोळा झाका आणि पुन्हा विचारा. कोणताही एक डोळा झाकल्यावर दोनचा एक होत असेल, तर प्रत्येक डोळ्यात चित्र एकच उमटते आहे; फक्त दोन्ही डोळे एकाच जागी रोखले जात नाहीत. अशा वेळी दोष डोळे फिरवणाऱ्या स्नायूंत, त्यांच्या नसांत किंवा मेंदूत शोधावा लागतो. याउलट एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोन दिसत राहिले, तर दोष त्याच डोळ्याच्या आत, म्हणजे भिंगात, पारदर्शक पटलात किंवा क्वचित पडद्यात असतो.

त्याबरोबर त्यांच्या चेहऱ्याचा समोरून, चांगल्या उजेडात मोबाईलवर फोटो काढा. एखादी पापणी खाली आली आहे का आणि दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, हे मला कळायला हवे. पापणी उतरलेली आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर इथे उत्तराची वाट न पाहता आत्ताच निघा. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा डोळा आणि पापणी चालवणाऱ्या तिसऱ्या नसेवर दाब देत असला, तर असेच दिसते, आणि तो फुगा फुटू शकतो.

येलदरीकर | मंगळवार, सकाळी ७.३०

सर, आपण सांगितल्याप्रमाणे धाकट्या भावाकडून फोनवर करवून घेतले. पापण्या सारख्या आहेत, बाहुल्याही सारख्या आहेत. पण उत्तर गोंधळात टाकणारे आले. डावा डोळा झाकल्यावर उजव्याला खांब एकच दिसतो. उजवा झाकल्यावर डाव्याला खांब एकच दिसतो, पण त्याला वरच्या बाजूने एक पुसट सावली दिसते. म्हणजे डाव्या एकट्या डोळ्यालाही दोन दिसतात, असे समजायचे का? मग शिबिरातले निदान बरोबर ठरते.

नांदेडकर_निवृत्त | मंगळवार, सकाळी ८.१५

मला हेच होते. रात्री चंद्र पाहिला की त्याच्या कडेला आणखी दोन चंद्र चिकटलेले दिसत, आणि मोटारीच्या दिव्यांना फाटे फुटत. डावा डोळा मिटला तरी उजव्याला तेच. आमच्या चष्मेवाल्यांनी जाड पुठ्ठ्याला सुईने एक बारीक भोक पाडले, त्यातून त्याच डोळ्याने पाहायला लावले, आणि तीन चंद्रांचा एक झाला. पिकलेल्या भिंगातून उजेड वेगवेगळ्या वाटांनी आत जातो. भोकातून पाहिले की एकच वाट उरते, असे त्यांनी समजावले. मोतीबिंदू काढल्यापासून त्रास नाही.

बालाघाट | मंगळवार, सकाळी ८.४०

तेच तर मी म्हणत होतो.

मांजराकाठ | मंगळवार, दुपारी १.२०

येलदरीकर, दोन प्रश्न वडिलांना नेमके विचारा. पहिला : दोन्ही डोळे उघडे असताना जे दोन खांब दिसतात, ते दोन्ही सारखेच ठळक आहेत, की एक ठळक आणि एक पुसट? दुसरा : डाव्या डोळ्याची ती सावली शनिवारपासूनची आहे, की आधीपासूनची?

नांदेडकरांचा अनुभव एका डोळ्याच्या दुहेरी दिसण्याचा आहे आणि त्यांनी तो उत्तम सांगितला आहे. त्यातली जास्तीची प्रतिमा बहुधा पुसट असते, मूळ वस्तूला चिकटलेली असते आणि बारीक भोकातून पाहिले की नाहीशी होते. कोरडा डोळा, वाढलेला तिरपा नंबर यांमुळेही असे घडते. या प्रकारात घाई क्वचितच असते. पण एकाच माणसाला दोन्ही प्रकार एकदम असू शकतात, आणि मला इथे तीच शंका येते.

येलदरीकर | मंगळवार, दुपारी ३.१०

विचारले. दोन्ही डोळे उघडे असताना दोन्ही खांब सारखेच ठळक असतात आणि त्यांत हातभर अंतर असते. सावली मात्र वर्षभरापासून आहे; समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांना ती दिसायची, पण त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. भावाने पुठ्ठ्याचे भोकही करून पाहिले. डाव्या डोळ्याची सावली त्यातून गेली.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. व्हिडिओ कॉलवर अण्णा मान उजवीकडे वळवून बसले होते. सरळ बसा म्हटले की दोन मिनिटांनी पुन्हा तसेच. पेपर वाचताना मात्र त्यांना दोन दिसत नाही.

मांजराकाठ | मंगळवार, दुपारी ४.००

ताई, तुमच्या निरीक्षणाने बरेचसे उलगडले. दूरचे दोन, जवळचे एक, दोन्ही प्रतिमा शेजारी शेजारी, आणि चेहरा उजवीकडे वळवलेला : या चार गोष्टी मिळून उजव्या डोळ्याच्या सहाव्या नसेकडे बोट दाखवतात. ही नस डोळा कानाच्या बाजूला वळवणारा स्नायू चालवते. वाचताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, तेव्हा त्या स्नायूचे काम फारसे नसते, म्हणून पेपर एकच दिसतो. दूर पाहताना दोन्ही डोळे सरळ हवेत. उजवा डोळा आत ओढला जातो आणि खांबाचे दोन होतात. मान उजवीकडे वळवली की डोळ्यांना डावीकडे पाहावे लागते आणि अशक्त स्नायूला सुट्टी मिळते. ती सवय नाही, शरीराने शोधलेला उपाय आहे.

पडताळून पाहायचे असेल, तर मान सरळ धरून फक्त डोळे उजवीकडे वळवायला सांगा. दोन खांबांतले अंतर वाढायला हवे. त्या वेळी उजवा डोळा झाकल्यावर सर्वांत उजवीकडचा खांब नाहीसा झाला, तर शंका राहणार नाही, कारण बाहेरची प्रतिमा नेहमी अशक्त डोळ्याची असते.

मोतीबिंदू आहे आणि तो यथावकाश काढावा. पण शनिवारच्या म्हशीशी त्याचा संबंध नाही. ऑपरेशन उत्तम झाले, तरी सावली जाईल आणि दोन खांब तसेच राहतील. तीन आठवडे थांबू नका. उद्याच जिथे नेत्रतज्ज्ञ आणि फिजिशियन दोघेही आहेत, अशा ठिकाणी न्या. तोवर मोटारसायकल आणि ट्रॅक्टर पूर्ण बंद ठेवावा, आणि विहिरीच्या काठाशी एकट्याने जाऊ देऊ नये.

सातोना_शिवार | मंगळवार, सायंकाळी ६.४५

विषय थोडा वेगळा वाटेल, पण शेतकरी कुटुंबांसाठी लिहिणे मला आवश्यक वाटते. गेल्या पावसाळ्यात आमचा सालगडी सकाळी उठला तो पोट दुखते म्हणत. थोड्या वेळाने म्हणाला, मला दोन माणसे दिसतात. मग पापण्या जड झाल्या. आम्हाला वाटले, रात्रीचे काही बाधले. त्याच्या आईने मात्र तो रात्री जमिनीवर झोपला होता हे आठवून मण्यारीचे नाव घेतले. अंगावर धड खूणही नव्हती. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याला गिळता येत नव्हते. सर्पदंशाची लस दिली, तरी चार दिवस श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. तो वाचला.

फिजिशियन_अंबाजोगाई | मंगळवार, रात्री ८.३०

सातोना शिवार यांनी लिहिलेले अगदी योग्य आहे आणि त्यात काहीही वेगळे नाही. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही आणि सूजही येत नाही. तिचे विष नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप तोडते, आणि डोळ्यांचे व पापण्यांचे स्नायू आधी पडतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपून उठलेल्या माणसाला दोन दिसू लागले आणि दोन्ही पापण्या उतरल्या, तर खूण शोधत बसू नये. विषाने नसेच्या टोकाला एकदा इजा केली, की लस ती भरून काढत नाही, फक्त पुढचे नुकसान थांबवते. म्हणून जितक्या लवकर ती मिळेल तितके बरे. श्वासाचे यंत्र असलेले रुग्णालय गाठणे महत्त्वाचे आहे.

येलदरीकर यांच्या वडिलांचे चित्र तसे नाही. त्यांची पापणी शाबूत आहे आणि दोष एकाच दिशेचा आहे. माझ्या मते नसेला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिनीत अडथळा आला असावा. दीर्घ मधुमेहात आणि रक्तदाबात हे आम्ही नेहमी पाहतो. तरीही माझा आग्रह आहे की मेंदूचा एमआरआय याच आठवड्यात करावा.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ९.१५

डॉक्टरसाहेब, या मुद्द्यावर आपले मत मला पूर्ण पटत नाही. वय पन्नाशीपुढचे, मधुमेह निश्चित, एकच नस बाधित, पडद्यामागच्या नसेवर सूज नाही आणि दुसरे एकही लक्षण नाही, अशा रुग्णात साखर व रक्तदाब आटोक्यात आणून लक्ष ठेवणे मी रास्त मानतो. बहुतेकांची नस तीन महिन्यांत सावरते. तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही, किंवा त्याआधी काही नवे उद्भवले, तर एमआरआय. जिंतूरच्या शेतकऱ्याला त्याचा खर्च आणि प्रवास हलका नाही.

फिजिशियन_अंबाजोगाई | मंगळवार, रात्री ९.४०

खर्चाचा मुद्दा मी नाकारत नाही. पण सहावी नस मेंदूतून निघून बराच लांबचा प्रवास करते, आणि डोक्यातला दाब कुठल्याही कारणाने वाढला तरी ती ताणली जाते. आपल्या भागात क्षयाचा मेंदूज्वरही तिला धरतो. मधुमेह आहे म्हणून सगळे मधुमेहानेच झाले असे धरले, आणि एखादी गाठ तीन महिने लपून राहिली, असे माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत घडले आहे. त्यानंतर माझा हात थांबत नाही.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ९.५५

तो अनुभव मला मान्य आहे. किमान डोळ्याचा पडदा थेंब टाकून पाहिल्याशिवाय कुणीही लक्ष ठेवू म्हणू नये, यावर आपण दोघेही एकमत होऊ.

शिक्षिका_परतूर | बुधवार, दुपारी २.३०

माझ्या बाबतीत दोन दिसणे सकाळी नसायचे. शाळा सुटेपर्यंत फळ्यावरची ओळ दुभंगायची, आणि संध्याकाळी डावी पापणी खाली यायची. एक डोळा झाकला की ओळ एक व्हायची, म्हणजे प्रकार दोन डोळ्यांचाच. पण कधी प्रतिमा शेजारी असायच्या, तर कधी एकावर एक; त्यामुळे आठ महिन्यांत चार चष्मे बदलले गेले. शेवटी एका डॉक्टरांनी मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवला आणि पापणी माझ्या डोळ्यांदेखत वर उचलली गेली. मायस्थेनिया हा स्नायू लवकर थकवणारा आजार निघाला. रक्ताची तपासणी मात्र निगेटिव्ह होती.

ताईंच्या वडिलांना दिवसभरात फरक पडतो का, हे विचारून घ्यावे असे वाटते.

मांजराकाठ | बुधवार, दुपारी ३.१५

हा प्रश्न मी विचारायला हवा होता, आपण विचारलात ते बरे झाले. आजार डोळ्यांपुरताच असेल, तर रक्ततपासणी अनेकांची निगेटिव्ह येते. तेवढ्यावर मायस्थेनिया नाकारता येत नाही. दिशा बदलणारे आणि थकव्याने वाढणारे दुहेरी दिसणे हीच त्याची ओळख. बाहुली त्यात कधीही बिघडत नाही. आपण कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, तरी हा आजार आधी सांगत जा, कारण काही नेहमीच्या अँटिबायोटिकांनी तो एकदम बळावू शकतो.

येलदरीकर | गुरुवार, रात्री १०.००

आज अण्णांना परभणीला दाखवून आणले. सकाळ-संध्याकाळ फरक पडत नाही. उजवा डोळा बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, मधल्या रेषेच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. बाकी सगळ्या दिशांना तो व्यवस्थित फिरतो. थेंब टाकून पडदा पाहिला, मागच्या नसेवर सूज नाही. रक्तदाब १७०/१०० निघाला, आणि तो असल्याचे आम्हाला माहीतच नव्हते. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.४ आली. चावताना जबडा दुखतो का, कानशिलाजवळ दुखते का, हेही विचारले, दोन्ही नाही. तिथल्या डॉक्टरांनी एमआरआयचा निर्णय आमच्यावर सोडला. आम्ही दोन्ही बाजू अण्णांना वाचून दाखवल्या, आणि त्यांनी करून घ्यायचे ठरवले. त्यात काही आढळले नाही.

डोळ्यावर पट्टी लावा म्हणाले आहेत. पण आमच्या शेजारच्या काकूंच्या मते डोळा बांधून ठेवला की त्याची नजर कायमची मंद होते. हे खरे आहे का?

बालाघाट | गुरुवार, रात्री १०.२०

काकू बरोबर सांगत आहेत. माझ्या भाच्याच्या बाबतीत डॉक्टरांनी स्वतः बजावले होते की चांगला डोळा ठरवलेल्या तासांपेक्षा जास्त बांधायचा नाही.

मांजराकाठ | शुक्रवार, सकाळी ७.५०

भाच्याचे वय लहान असणार. लहान मुलांत नजर घडत असते, म्हणून तिथे तासांचा हिशेब ठेवतात. ६३ व्या वर्षी घडलेली नजर पट्टीने मंद होत नाही. पट्टीऐवजी चष्म्याच्या उजव्या काचेवर आतून अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली, तरी चालते. उजेड आत येतो, दुसरी प्रतिमा मात्र पुसते. पण एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून पायरी उतरताना आणि चहा ओतताना सुरुवातीचे काही दिवस जपावे. दोष स्थिर झाला की काचेवर चिकटवायचे प्रिझमही मिळते. ते उजव्या डोळ्यासमोरचे चित्र सरकवून दोन्ही चित्रे जुळवते. ते आज लावले, तर नस सुधारत जाईल तसतसे बदलावे लागेल.

बालाघाट, आपण आईच्या आणि भाच्याच्या खऱ्या अनुभवावरूनच बोलत होता, हे मला ठाऊक आहे. आजार दिसायला सारखा असला, तरी वय आणि सुरुवात वेगळी होती, इतकेच.

बालाघाट | शुक्रवार, सकाळी ८.३०

मान्य आहे. सोमवारी मी ‘थांबा’ म्हटले होते, ते मी मागे घेतो. ताई, आपण थांबला नाहीत हे बरे झाले.

येलदरीकर | अकरा आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११.००

धागा वर आणत आहे, कारण इथल्या सर्वांना पुढचे कळायला हवे. पाचव्या आठवड्यापासून दोन खांब एकमेकांजवळ येऊ लागले. अण्णा रोज सकाळी ओसरीवर त्याच जागी बसून त्याच खांबाकडे पाहत आणि अंतर भावाला सांगत : हात, वीत, चार बोटे. नवव्या आठवड्यात सरळ पाहताना एकच खांब दिसू लागला. पूर्ण उजवीकडे पाहिले, तर अजून किंचित दुभंगतो. मानही आता सरळ असते. रक्तदाब १३६/८४ आहे. डाव्या डोळ्याची सावली अर्थातच आहे तशीच आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरले आहे.

ट्रॅक्टर कधी सुरू करू, हे ते रोज विचारतात.

मांजराकाठ | रविवार, दुपारी १२.१०

ही प्रगती नेहमीच्या वाटेने चालली आहे. ट्रॅक्टरसाठी अजून थांबावे, कारण वळताना उजवीकडेच पाहावे लागते आणि दोष तिथेच उरला आहे. तोही गेला आणि तपासणीत डोळा कोपऱ्यापर्यंत पोहोचला, मग हरकत नाही. मोतीबिंदूच्या डॉक्टरांना ही हकिकत ऑपरेशनपूर्वी अवश्य सांगा.

हिंगोली_७० | रविवार, सायंकाळी ५.३०

हा धागा वाचून मी आत्ताच स्वतःवर करून पाहिले. मला जिना उतरताना पायऱ्या एकावर एक दोन दिसतात; सरळ पाहताना नाही. डावा झाकला तरी एक, उजवा झाकला तरी एक. सहा महिन्यांपूर्वी दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला होता, तेव्हापासून हे आहे. मान उजव्या खांद्याकडे झुकवली की बरे वाटते. हेही सहाव्या नसेचे असेल का?

मांजराकाठ | रविवार, सायंकाळी ६.०५

नाही. एकावर एक दिसणे, खाली पाहताना वाढणे आणि मान झुकवल्यावर कमी होणे, हे चौथ्या नसेचे वर्णन आहे. ही नस डोक्याच्या माराने सहज दुखावते. आपण मान उजवीकडे झुकवता, त्यावरून बाधित डोळा डावा असावा. अपघातानंतर केलेला सीटी स्कॅन आणि अपघाताच्या आधीचे एक-दोन जुने फोटो घेऊन दाखवायला जा. त्या फोटोंतही मान झुकलेली असेल, तर दोष जन्मापासूनचा असून माराने फक्त उघडा पडला, असेही असू शकते. फोटो पाहून इथे कळवा.